वजनाचा कल आणि जेवणाची वही: मेंटेनन्स कॅलरी उलट्या हिशोबाने काढण्याची पद्धत

रोज जेवढ्या कॅलरी खाल्ल्या की वजन जागच्या जागी राहतं, त्या मेंटेनन्स कॅलरी. वय, उंची आणि वजन टाकून जो आकडा मिळतो तो फक्त अंदाज असतो. त्याला तुमचं शेत माहीत नसतं आणि वेचणीला किती तास वाकावं लागतं हेही माहीत नसतं. म्हणून उलटा हिशोब करायचा: किती खाल्लं ते लिहायचं, वजन किती हललं ते पाहायचं आणि त्या दोन गोष्टींवरून शरीराने किती खर्च केलं ते काढायचं.

हिशोब स्वतः दोन ओळींचा आहे. चुका होतात त्याच्या आधी. सामायिक कढईतला आपला वाटा मोजताना पहिली चूक होते, आणि वजनाचे दिवस व खाण्याचे दिवस एकमेकांशी जुळवताना दुसरी. या लेखात जास्त जागा याच दोन ठिकाणांना दिली आहे. पुढे जिथे कॅलरी लिहिलं आहे तिथे पाकिटावर छापलेली किलोकॅलरीच समजावी.

## टप्पा १: काटे आणि सुरुवातीचा दिवस

दोन काटे लागतात. एक माणसाचं वजन करणारा डिजिटल काटा, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दुसरा स्वयंपाकघरातला, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि किमान ५ किलो पेलणारा, कारण त्यावर भरलेला गंज ठेवायचा आहे.

माणसाचा काटा सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका. माती दबते, पाये किंचित रुततात आणि वाचन रोज वेगळं येतं. शहाबादी फरशी किंवा कोब्याचा सपाट तुकडा निवडा आणि महिनाभर काटा तिथेच राहू द्या. काटा अर्धा किलो जास्त दाखवत असेल तरी चालेल, कारण आपल्याला फरक काढायचा आहे. तो रोज तेवढाच जास्त दाखवतो की नाही एवढं महत्त्वाचं.

तपासा: लागोपाठ तीनदा चढा. वाचनात २०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. मग पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हातात घेऊन चढा, साधारण एक किलो वाढायला हवं. काही डिजिटल काटे आधीचं वजन लक्षात ठेवून थोडासा फरक आला तर जुनाच आकडा दाखवतात. ते असे पकडता येतात. तुमचा काटा तसा असेल तर रोज आधी बादली उचलून चढायचं, उतरायचं आणि मग रिकाम्या हाताने वजन घ्यायचं.

सुरुवातीचा दिवस विचार करून निवडा. खाणं नुकतंच कमी केलं असेल तर पहिल्या आठवड्यात साठवलेला ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचं पाणी उतरतं, चरबी थोडीच असते. उलट, बरेच दिवस बसून राहिल्यावर सोयाबीनची सोंगणी सुरू केली की दुखऱ्या स्नायूंमध्ये पाणी धरलं जातं आणि वजन वाढलेलं दिसतं. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग पहिला दिवस धरा.

सावधान: गरोदरपण, अंगावर दूध पाजण्याचा काळ, पायांवर सूज येणारे आजार, किंवा थायरॉइड आणि मधुमेहाच्या औषधांत नुकताच झालेला बदल, यांत वजनाचा कल कॅलरींचा राहत नाही. तिथे ही पद्धत वापरू नये, डॉक्टरांशी बोलावं.

## टप्पा २: एका गंजातून आपला वाटा काढणे

ॲपमध्ये ‘वांग्याची भाजी, एक वाटी’ शोधून जो आकडा मिळतो तो कुणाच्या तरी दुसऱ्याच घरचा असतो. आपल्याकडच्या भाजीत कॅलरी ठरवतं ते तेल, आणि तेल घरागणिक दुप्पट-तिप्पट बदलतं. म्हणून कच्च्या जिनसा मोजायच्या, सगळ्यांची बेरीज करायची आणि शिजलेल्या एकूण वजनाने भागायचं.

रिकाम्या गंजाचं आणि कढईचं वजन एकदाच करून ते भिंतीवर किंवा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पाच माणसांच्या घरातली आलू-वांग्याची भाजी घ्या. वांगी ५०० ग्रॅम, आलू ३०० ग्रॅम, कांदे १५० ग्रॅम, शेंगदाण्याचा कूट ५० ग्रॅम आणि तेल ८० ग्रॅम. वांग्यांच्या साधारण १२५ कॅलरी, आलूंच्या २१०, कांद्यांच्या ६०, कुटाच्या २७५ आणि तेलाच्या ७२०. एकूण १,३९०. त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकट्या तेलाच्या आहेत हे पाहून ठेवा. रिकामा गंज ६४० ग्रॅमचा, भाजीसकट १,९८० भरला, म्हणजे भाजी १,३४० ग्रॅम. एका ग्रॅमला १.०४ कॅलरी झाल्या. ताटात १८० ग्रॅम घेतली तर १८७ लिहायच्या.

तेल मोजायची सोपी रीत अशी: फोडणीच्या आधी तेलाची बरणी काट्यावर ठेवा, फोडणीनंतर परत ठेवा, फरक तेवढं तेल. चमच्याने किंवा पळीने मोजू नका. मिलिलिटर आणि ग्रॅम सारखे नसतात, एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. काही पाकिटं लिटरपेक्षा कमी भरलेली असतात, म्हणून पाकिटावरचे ग्रॅम वाचा.

तर्रीवाल्या रश्श्यात मात्र हा भागाकार फसतो. तेल वर तरंगतं आणि ज्याच्या वाटीत तर्री जास्त, त्याच्या वाट्याला तेल जास्त. वाढण्याआधी गंज तळापासून ढवळा आणि लगेच वाटीत घ्या. तर्री वेगळी ओतून घ्यायची सवय असेल तर तेवढी तर्री वेगळी मोजा आणि तिचा बहुतेक भाग तेलच आहे असं धरून लिहा.

भाकरी, पोळी, भात आणि वरण यांचा हिशोब कोरड्या वजनावर करायचा. ज्वारीच्या पिठाच्या १०० ग्रॅमला साधारण ३३५ कॅलरी, तांदळाच्या ३५५ आणि तूर डाळीच्या ३३०. सहाशे ग्रॅम पिठाच्या सात भाकरी झाल्या तर एका भाकरीत ८६ ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे २९० कॅलरी. भाकरी भाजताना उडालेल्या पाण्याशी आपल्याला देणंघेणं नाही. पोळीला लावलेलं तेल वेगळं मोजा.

नेहमीची चूक: शिजलेला भात मोजायचा आणि कच्च्या तांदळाची कॅलरी लावायची. शंभर ग्रॅम तांदळाचा भात २५० ते ३०० ग्रॅम होतो. शिजलेल्या २५० ग्रॅमला कच्च्याचा दर लावला तर साडेतीनशेच्या जागी जवळपास नऊशे लिहिल्या जातात.

दुसरी चूक: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते भरवशाचे आहेत, पण त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. त्या आकड्याला ४.१८ ने भागल्याशिवाय वहीत उतरवू नका.

## टप्पा ३: २८ दिवस, एकही कोरा नको

रोज सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहा-पाण्याच्या आधी आणि सारख्याच कपड्यांत वजन घ्या. उन्हाळ्यात रात्री उठून दोन-तीनदा पाणी पिणं होतं, ते थांबवू नका. फक्त उठल्यानंतरचं पाणी वजनाच्या नंतर प्या. आकडा आवडला नाही म्हणून दुसऱ्यांदा चढायचं नाही.

खाण्याच्या नोंदीतून जे निसटतं ते जवळपास नेहमी घराबाहेरचं असतं. बांधावर दिवसाला चार कप चहा होतो. एका कपात ५० मिलि म्हशीचं दूध आणि १० ग्रॅम साखर धरली तरी ९० च्या आसपास कॅलरी आहेत, म्हणजे चार कपांच्या साडेतीनशेहून जास्त. भुईमुगाच्या शेंगा, ओला हरभरा, हुरडा हे उभ्या-उभ्या खाल्लं जातं आणि रात्री वही उघडल्यावर आठवत नाही. खिशातल्या मोबाइलवर तिथल्या तिथे लिहा, कॅलरी घरी आल्यावर काढा.

महाप्रसाद, लग्नाची पंगत, महालक्ष्मीचं जेवण, यांत काटा नेता येत नाही. तिथे अंदाज लिहा: किती पोळ्या, किती वाट्या भाजी, बुंदी किती, आणि घरच्यापेक्षा तेल-तूप जास्त धरून. कोरा दिवस ठेवला आणि सरासरीतून वगळला तर हिशोब असं समजतो की त्या दिवशी तुम्ही नेहमीएवढंच जेवलात. नेहमीचं खाणं २,३०० असेल आणि पंगतीत ३,५०० झालं असेल, तर एकवीस दिवसांच्या सरासरीत एका पंगतीने ५७ कॅलरींची चूक येते. दोनशे-तीनशेने चुकलेला अंदाज त्यापेक्षा कितीतरी बरा. साबुदाण्याचा उपवास असेल तर तोही दिवस लिहा. खिचडीतलं तेल आणि शेंगदाणे मोजल्यावर तो दिवस हलका नसतो.

सावधान: महिन्याच्या मध्यावर मोजण्याची पद्धत बदलू नका. पहिले पंधरा दिवस चहा लिहिला नाही आणि नंतर लिहायला लागलात, तर ती वही दोन वेगळ्या माणसांची होते. राहून गेलेलं लक्षात आलं की त्या दिवसापासून नव्याने पहिला दिवस धरा.

तपासा: आठवड्याला घरातलं तेल किती संपलं ते पाहा. पाच माणसांच्या घरात आठवड्याला एक लिटर, म्हणजे ९१० ग्रॅम संपत असेल, तर माणशी दिवसाला २६ ग्रॅम, म्हणजे २३४ कॅलरी होतात. तुमच्या वहीत तेलाचे ८० च येत असतील तर मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं कमी धरूनही हिशोब बसत नाही. तेल कुठेतरी सुटतंय.

## टप्पा ४: वजनाचा कल

एका दिवसाचं वजन म्हणजे चरबी, पाणी, मीठ आणि आतड्यांत असलेलं अन्न यांची बेरीज. चरबी दिवसाला ग्रॅमांत हलते, बाकीचं किलोत. म्हणून पहिल्या सात दिवसांची सरासरी आणि शेवटच्या सात दिवसांची सरासरी, एवढीच दोन वजनं वापरायची.

समजा यवतमाळ जिल्ह्यातला एक शेतकरी आहे, वय ३६, उंची १६८ सेंटीमीटर, वेचणीचा हंगाम. पहिल्या सात सकाळची वजनं अशी: ७८.४, ७८.०, ७८.६, ७७.९, ७८.२, ७८.७, ७८.१. सरासरी ७८.२७. बाविसाव्या ते अठ्ठाविसाव्या सकाळची: ७७.५, ७७.१, ७७.६, ७८.३, ७७.६, ७७.२, ७७.१. सरासरी ७७.४९. सरासऱ्या गोल न करता फरक ०.७८६ किलो, वजन उतरलं.

पंचविसाव्या सकाळचं ७८.३ हे आदल्या दिवशीच्या महाप्रसादाचं आहे. ते काढून टाकायचा मोह होईल. काढू नका. मिठाने धरलेलं पाणी दोन दिवसांत गेलं, सरासरीने ते सोसलं आणि त्या दिवसाचं जेवणही वहीत आहेच.

तपासा: मधल्या दोन आठवड्यांच्याही सरासऱ्या काढा. इथे चारही आठवडे ७८.२७, ७८.०२, ७७.७४, ७७.४९ असे एका चालीने उतरतात. दुसऱ्या आठवड्यात एकदम किलोभर उतरलं आणि नंतर काहीच नाही, असं दिसलं तर ते पाणी होतं. तेव्हा पहिला आठवडा टाकून पुढे आणखी एक आठवडा मोजा.

पाळी येणाऱ्या स्त्रियांनी २८ दिवसांवर थांबू नये. पाळीच्या आधीच्या दिवसांत पाणी साठतं, आणि पहिला आठवडा पाळीनंतरचा व चौथा पाळीआधीचा पडला तर चरबी कमी होऊनही वजन वाढलेलं दिसतं. पाळी सुरू झाल्यापासूनचे सात दिवस आणि पुढची पाळी सुरू झाल्यापासूनचे सात दिवस यांच्या सरासरींची तुलना करा. चक्र २८ दिवसांचं असेल तर एकूण ३५ दिवसांची नोंद लागते.

## टप्पा ५: दिवस जुळवणे आणि हिशोब

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. नोंद २८ दिवसांची आहे म्हणून ते २८ ने भागतात. पण पहिल्या आठवड्याची सरासरी चौथ्या दिवसाची मानायची असते आणि शेवटच्या आठवड्याची पंचविसाव्या दिवसाची. म्हणजे ते वजन उतरायला २१ दिवस लागले.

खाण्याची सरासरीही त्याच २१ दिवसांची घ्या. वजन सकाळी उपाशीपोटी घेतलं, म्हणून चौथ्या दिवसाचं जेवण त्या वजनानंतरचं आणि पंचविसाव्या दिवसाचं जेवण पंचविसाव्या वजनानंतरचं. तेव्हा चौथ्या दिवसापासून चोविसाव्या दिवसापर्यंतचं खाणं मोजायचं, दोन्ही दिवस धरून. पस्तीस दिवसांच्या नोंदीत हेच दिवस ४ ते ३१ होतात आणि भागाकार २८ ने.

```
रोजचा फरक = वजनातला फरक (किलो) × ७७०० ÷ दिवस
वजन उतरलं: मेंटेनन्स = सरासरी खाणं + रोजचा फरक
वजन वाढलं: मेंटेनन्स = सरासरी खाणं − रोजचा फरक
```

७,७०० म्हणजे शरीरातल्या एक किलो चरबीच्या साठ्यातली अंदाजे ऊर्जा. त्या साठ्यात थोडं पाणी असतं, म्हणून एक किलो शुद्ध तेलाच्या ९,००० पेक्षा तो आकडा कमी आहे.

आपल्या शेतकऱ्याच्या त्या २१ दिवसांच्या कॅलरींची बेरीज ४८,३०० आली. सरासरी २,३००. वजनाचा फरक ०.७८६ किलो गुणिले ७,७०० म्हणजे जवळपास ६,०५०, भागिले २१ म्हणजे २८८. वजन उतरलं, म्हणजे खर्च खाण्यापेक्षा जास्त होता, म्हणून मिळवायचे: २,५८८. वहीत २,५९० लिहा.

याच वहीतून चुकीच्या रीतीने काय निघतं ते पाहा. २८ ने भागलं तर २,५१६. पहिल्या आणि शेवटच्या एकेका सकाळचं वजन घेतलं, ७८.४ आणि ७७.१, तर २७ दिवसांत १.३ किलो उतरल्याचं दिसतं आणि आकडा २,६७० येतो. दुसऱ्या आणि पंचविसाव्या सकाळचं घेतलं, ७८.० आणि ७८.३, तर वजन वाढल्याचं दिसतं आणि मेंटेनन्स २,२०० निघतो. माणूस तोच, ताट तेच, आणि दोन उत्तरांत पावणेपाचशेचा फरक.

नेहमीची चूक: चिन्ह उलटं लावणं. वजन उतरलं असेल तर मेंटेनन्स हा खाण्याच्या सरासरीपेक्षा वरच यायला हवा. खाली आला तर वजाबाकी उलटी झाली आहे.

## टप्पा ६: आकड्यावर किती विसंबायचं

साप्ताहिक सरासरीतही पाण्याची २००-३०० ग्रॅमची चूक राहते. २१ दिवसांवर ३०० ग्रॅम म्हणजे रोजच्या ११० कॅलरी. तेव्हा २,५९० हा आकडा मनात २,४८० ते २,७०० असा धरा. दोनच आठवडे मोजून घाई केली तर मधलं अंतर फक्त ७ दिवसांचं उरतं आणि तेवढीच चूक ३३० कॅलरींची होते. सहा आठवडे मोजले तर अंतर ३५ दिवसांचं होतं आणि चूक ६६ वर येते.

मग एक बाहेरची पडताळणी. पुरुषांसाठी विश्रांतीतला खर्च असा काढतात: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, अधिक ५. स्त्रियांसाठी शेवटच्या ‘अधिक ५’ च्या जागी वजा १६१. आपल्या शेतकऱ्याचे ७८ किलोवर १,६५५ येतात. २,५९० त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त आहे, वेचणीचं काम करणाऱ्या माणसाला शोभणारा. हाच माणूस १,९०० वर आला असता तर ते विश्रांतीच्या जेमतेम १.१५ पट झालं असतं. दिवसभर शेतात असणाऱ्याचा खर्च इतका कमी नसतो. तिथे ‘माझं शरीरच कमी जाळतं’ असा निष्कर्ष काढू नये. आधी तेल, चहा आणि बांधावरचं खाणं तपासावं.

मात्र नोंद रोज सारखीच कमी होत असेल, समजा दररोज २०० सुटत असतील, तरी ती वही निकामी नाही. हिशोबातून निघालेला मेंटेनन्सही तेवढ्या २०० ने कमी येतो. त्याच सवयीने लिहीत राहून त्यातून ३०० कमी खाल्ले तर खरोखर ३०० च कमी होतात. तो आकडा तुमच्या वहीपुरता खरा असतो. दुसऱ्याला सांगायला किंवा मोबाइलच्या ॲपशी ताडून पाहायला तो चालत नाही. म्हणून पद्धत अचूक करण्याइतकंच ती न बदलणं मोलाचं.

एक मर्यादा कसरत करणाऱ्यांसाठी. तालीम नवी असेल तर चरबी उतरून स्नायू वाढू शकतात. स्नायूच्या एका किलोत चरबीच्या मानाने फार कमी ऊर्जा असते, म्हणून वजन स्थिर दिसलं तरी खर्च खाण्यापेक्षा जास्त असू शकतो. बेंबीजवळ कंबरेचं माप आठवड्याला घ्या. वजन तेवढंच आणि कंबर उतरत असेल तर खरा मेंटेनन्स हिशोबापेक्षा थोडा वर आहे.

## टप्पा ७: हंगाम बदलला की पुन्हा

निघालेला आकडा त्या चार आठवड्यांतल्या कामाचा आहे. कापसाच्या वेचणीत काढलेला २,५९० हा एप्रिल-मे मध्ये, ऊन तापल्यावर दुपारभर घरात बसण्याच्या दिवसांत, लागू पडत नाही. पेरणी, निंदण, सोंगणी, वेचणी आणि रिकामे दिवस, यांचे आकडे वेगळे निघतात आणि ते वहीत हंगामाच्या नावाने लिहून ठेवले तर पुढच्या वर्षी सुरुवात सोपी जाते. वजन चार-पाच किलोंनी बदललं तरीही नवा हिशोब लागतो.

दरवेळी नव्याने २८ दिवस मोजायची गरज नाही. नोंद चालू असेल तर रविवारी सर्वात जुना आठवडा सोडा, नवा धरा आणि तीच दोन ओळींची मांडणी परत करा. लागोपाठचे दोन आकडे शंभरच्या आत हलले तर जुनाच वापरा. तीन आठवडे एकाच दिशेने सरकत गेले तर काम किंवा मोजणी बदलली आहे. आधी बरणीतलं तेल मोजा, मग आकडा बदला.